अंत्ययात्रा, मंत्र्यांचा ताफा आणि संचलन: रस्ता द्यायचा तो रीत म्हणून की कायदा म्हणून?

कृष्णाकाठ

मागील महिन्यात आमच्या मामांच्या अंत्ययात्रेत एक अपघात झाला आणि त्यावरून घरात अजून वाद चालू आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पुढे शववाहिका होती आणि मागे भाऊबंद व गल्लीतील मंडळी दुचाकींवरून येत होती. मोठ्या चौकात शववाहिकेला हिरवा सिग्नल मिळाला, तिच्यामागून काही दुचाकी गेल्या आणि मग सिग्नल लाल झाला. तेव्हा गल्लीतील एक तरुण चौकात उतरला आणि त्याने आडव्या रस्त्यावरील वाहनांना हात दाखवून थांबवले. बहुतेक लोक थांबले. एक बाई मात्र स्कूटरवरून त्यांच्या हिरव्या सिग्नलवर निघाल्या आणि माझ्या भाच्याच्या मोटारसायकलला धडकल्या. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले, भाच्याला खरचटले.

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की अंत्ययात्रा कोणी तोडत नाही, त्यामुळे चूक त्या बाईंची. पोलिसांनी मात्र गुन्हा भाच्यावर नोंदवला आहे. अंत्ययात्रेला रस्ता देणे हे कायद्याने बंधनकारक आहे की नाही, आणि सरकारी ताफे, पोलिसांचे किंवा लष्कराचे संचलन यांना जो रस्ता आपण देतो त्यामागे तरी कोणता नियम आहे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

पुणेरी_चालक

नियम अगदी स्पष्ट आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत लिहिले आहे की मिरवणूक, कूच करणारी सैन्याची किंवा पोलिसांची तुकडी, किंवा रस्ता दुरुस्त करणारे कामगार यांच्याजवळून जाताना वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. अंत्ययात्रा ही मिरवणूकच आहे, म्हणजे त्या बाईंनी नियम मोडला. शिवाय शववाहिका ही एक प्रकारची रुग्णवाहिकाच असते आणि रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास आता दहा हजार रुपये दंड आहे. तुमच्या भाच्याने वकील द्यावा आणि उलट तक्रार करावी.

न्यायवाट

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुणेरी_चालक यांनी वेगाचा नियम बरोबर आठवला आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या नियमात नाही. तो नियम वाहनचालकाला हळू जाण्यास सांगतो. मिरवणुकीला लाल सिग्नल ओलांडण्याचा अधिकार देत नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि न्यायालयात नेमका हाच घोळ होतो. दुसरे असे की १९८९ ची ती नियमावली २०१७ मध्ये मोटार वाहन चालन विनियमांनी बदलली, त्यामुळे जुन्या नियमाचा क्रमांक लिहून तक्रार अर्ज दिला तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो खोडून काढेल.

आता शववाहिकेबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई मध्ये अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका आणि राज्य सरकारने ठरवून दिलेली इतर आपत्कालीन वाहने एवढीच आहेत. ती येत असताना रस्त्याच्या कडेला न सरकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शववाहिका त्यात बसत नाही. हे कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून निसटले असेही म्हणता येत नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम ६६ मध्ये परवान्यातून सूट दिलेल्या वाहनांची यादी आहे. तिथे पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका हे एक उपखंड आहे आणि मृतदेह व त्याच्यासोबतच्या शोकाकुल मंडळींना नेणारे वाहन हे लगेच पुढचे, स्वतंत्र उपखंड आहे. म्हणजे कायद्याला शववाहिका ठाऊक आहे, तिच्या मागून जाणारे लोकही ठाऊक आहेत, आणि तरीही त्यांना दिलेली सवलत परवान्यापुरती आहे. वाट मागण्याचा हक्क त्यात नाही.

त्यामुळे कृष्णाकाठ यांच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे: मोटार वाहन कायद्यात अंत्ययात्रेला चौकात प्राधान्य देणारे कलम नाही. आपण थांबतो ते मृताविषयीच्या आदरापोटी, आणि थांबावेच असे माझे मत आहे. परंतु अंत्ययात्रेतील प्रत्येक वाहन हे कायद्याच्या दृष्टीने सुटे वाहन आहे आणि प्रत्येकाला सिग्नल स्वतंत्रपणे लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणे हे कलम १८४ च्या स्पष्टीकरणात धोकादायक वाहन चालवण्याचे उदाहरण म्हणून थेट नमूद केले आहे. पोलिसांनी भाच्यावर गुन्हा नोंदवला तो याच कारणाने असावा.

मनोहर_सां

आमच्याकडे लग्नाच्या वराती तासन्‌तास डीजे लावून रस्ता अडवतात आणि मागे रुग्णवाहिका अडकते, त्याचे काय? त्यावर कोणी बोलत नाही.

न्यायवाट

मनोहरराव, आपला संताप रास्त आहे, पण तो वेगळा विषय आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे आणि दंड पाच हजार रुपयांपर्यंत आहे. भारतीय दंड संहितेत तो केवळ दोनशे रुपये होता. इथे प्रश्न उलट बाजूचा आहे, म्हणजे जाणाऱ्या समूहाला इतरांनी काय द्यायचे हा.

पुणेरी_चालक

शववाहिकेबाबत मान्य करतो. पण अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांना त्रास देणे हा तर गुन्हा आहेच ना? दंड संहितेत कलम २९७ होते. मग अंत्ययात्रेत गाडी घुसवणारी व्यक्ती त्यात येत नाही का?

न्यायवाट

ते कलम आता न्याय संहितेत ३०१ झाले आहे आणि अंत्यसंस्कारासाठी जमलेल्यांना उपद्रव देणे त्यात खरोखरच येते. मात्र त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू तरी लागतो, किंवा आपल्या कृतीने त्या दुखावल्या जाण्याचा संभव आहे याची जाणीव तरी. कोणी मुद्दाम प्रेतयात्रेत गाडी घालून शिवीगाळ केली तर हे कलम लावता येईल. हिरव्या सिग्नलवर निघालेल्या स्कूटरस्वार बाईंना ते लावणे मला शक्य दिसत नाही, आणि तसा प्रयत्न करणे हे त्या बाईंवर अन्यायाचे होईल.

निवृत्त_हवालदार

मी अनेक वर्षे वाहतूक शाखेत काढली आहेत. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी चौकातले सांगतो.

कलम ११९ प्रमाणे चालकाने सिग्नल पाळायचा असतो आणि वाहतूक नियमनासाठी नेमलेल्या पोलिसाची सूचनाही पाळायची असते. चौकात पोलीस उभा असेल आणि त्याने हात दाखवला तर दिव्यापेक्षा त्याचा हात मोठा. आम्ही अंत्ययात्रा येताना दिसली की आडवी वाहतूक थांबवायचो आणि शेवटची गाडी जाईपर्यंत थांबवून ठेवायचो. त्या क्षणी आडव्या बाजूचा जो कोणी पुढे निघेल तो माझी सूचना मोडतो, आणि अंत्ययात्रेतील दुचाकीवाला दिवा लाल असूनही माझ्या सूचनेने जातो. म्हणजे प्राधान्य मिळते ते अंत्ययात्रेमुळे नव्हे, पोलिसाच्या हातामुळे. तुमच्या गल्लीतील तरुणाने तोच हात दाखवला, पण त्याला तो अधिकार नव्हता. त्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. तरीही मी अशा स्वयंसेवकांना नेहमी अडवत असे, कारण ते आपल्या लोकांना खोटी हमी देतात. मागून येणारा दुचाकीवाला मग सिग्नलकडे बघत नाही, त्या पोराकडे बघतो, आणि आडव्या रस्त्यावरच्या माणसाला तो पोरगा बसच्या आड दिसतही नसतो.

करायचे ते सोपे आहे. घरातून निघण्यापूर्वी पोलीस ठाण्याला किंवा वाहतूक नियंत्रण कक्षाला फोन करून मार्ग आणि साधारण वेळ सांगावी. मुख्य चौकात माणूस मिळतो, निदान आमच्या वेळी मिळत असे. माणूस नसेल तर शववाहिकेने चौक ओलांडून पुढे डाव्या कडेला थांबावे आणि लाल सिग्नलला अडकलेले लोक पुढच्या हिरव्या सिग्नलला येऊन मिळेपर्यंत वाट पाहावी. दीड-दोन मिनिटांनी कोणाचेही काही बिघडत नाही.

अनघा_को

पण ताफ्याचे काय? परवा माझे वडील डायलिसिसला निघाले होते आणि एका मंत्रिमहोदयांसाठी चौक बराच वेळ बंद होता. अंत्ययात्रेला कायद्याने प्राधान्य नाही असे आपण म्हणता, मग जिवंत मंत्र्याला ते कोणत्या कलमाने मिळते?

न्यायवाट

अनघाताई, मंत्र्याला मंत्री म्हणून ते कोणत्याच कलमाने मिळत नाही. तिथेही तोच पोलिसाचा हात आहे, शिवाय कलम ११५ खाली वाहतूक रोखण्याचा किंवा वळवण्याचा अधिकार. लाल दिव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कडक निर्देश दिले आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने नियम बदलून पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील दिवेच काढून टाकले. सायरनचेही तसेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमाप्रमाणे वेगळ्या आवाजाची सूचना यंत्रणा रुग्णवाहिका, अग्निशमन, कर्तव्यावरील पोलीस अशा मोजक्या वाहनांना आहे. ताफ्यातील पोलिसांच्या पायलट गाडीने सायरन वाजवला तर तो त्या नियमात बसतो. मागून जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या खासगी जीपने वाजवला तर तो बेकायदा आहे आणि त्या जीपला वाट देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. अर्थात तिच्याशी रस्त्यावर वाद घालत बसू नये, क्रमांक टिपून घ्यावा.

लष्करी ताफ्याचे एक उदाहरण देतो, म्हणजे अधिकार कुठून येतो ते लक्षात येईल. पुलवामा येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने उधमपूर ते बारामुल्ला या महामार्गावर रविवारी आणि बुधवारी पहाटे ४ ते सायंकाळी ५ पर्यंत नागरी वाहतूक बंद ठेवण्याचा आदेश काढला होता. ताफ्याला कायद्याने आपोआप प्राधान्य असते तर असा आदेश काढण्याची गरजच पडली नसती.

निवृत्त_हवालदार

अनघाताई, बंदोबस्तावरच्या शिपायाच्या हातात एक गोष्ट असते ती सांगतो. गाडीत रुग्ण आहे असे कळले तर वायरलेसवर विचारून त्याला ताफ्याच्या आधी सोडता येते. पण ते त्याला कळले पाहिजे. खासगी गाडीत रुग्ण आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून हॉर्न वाजवत बसण्यापेक्षा गाडीतील एकाने उतरून, फाइल हातात घेऊन, थेट शिपायापर्यंत चालत जावे. जून २०२१ मध्ये कानपूरला राष्ट्रपतींच्या दौऱ्यासाठी वाहतूक थांबवली असताना एका आजारी महिलेला रुग्णालयात पोहोचायला उशीर झाला आणि त्यांचा मृत्यू झाला. तेथील पोलीस आयुक्तांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा मी आमच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून हेच म्हटले होते की थांबवणाऱ्याला सोडण्याचाही अधिकार असतो, तो वापरायला घाबरू नका.

अनघा_को

धन्यवाद काका, पुढच्या वेळी तसेच करीन. पण प्रश्न उरतोच. १९४ई प्रमाणे रुग्णवाहिकेला वाट न देणारा चालक दोषी ठरतो. मग ताफ्यासाठी रुग्णवाहिका रोखून धरणारा बंदोबस्त दोषी ठरत नाही का?

न्यायवाट

त्या कलमाचे शब्द वाहन चालवणाऱ्या व्यक्तीपुरते आहेत, त्यामुळे चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला ते लागू करणे कठीण आहे. जगण्याच्या हक्काखाली, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ खाली भरपाई मागता येईल असे मला वाटते, पण हे माझे मत आहे आणि यावर वकिलांमध्ये एकमत नाही.

स्टुटगार्टवासी

इथे जर्मनीत हा विषय वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेत येतो, म्हणून लिहितो. इथल्या रस्ते वाहतूक नियमांच्या २७ व्या कलमात एकत्र चालणारा समूह हे एकच वाहन मानले आहे. पहिली गाडी हिरव्यावर गेली की मधे दिवा लाल झाला तरी बाकीच्या तिच्यामागून जाऊ शकतात, आणि इतरांनी समूह मधूनच तोडायचा नाही. त्या कलमात अंत्ययात्रा आणि धार्मिक मिरवणूक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १५ पेक्षा जास्त सायकलस्वार असतील तर त्यांनाही असा समूह करता येतो. आपल्याकडे असाच नियम का नसावा? भाच्याच्या वकिलाने हे उदाहरण न्यायालयात द्यावे.

न्यायवाट

उदाहरण म्हणून वाचायला उत्तम आहे, पण भारतीय न्यायालयात त्याच्या आधारावर बचाव होणार नाही. शिवाय त्याच कलमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. समूह लांब असेल तर त्याने योग्य अंतरावर मोकळ्या जागा सोडायच्या असतात, जिथून इतर वाहतूक ओलांडून जाऊ शकेल. आणि मोटारींचा समूह असेल तर त्यातील प्रत्येक गाडीवर ती समूहातील आहे अशी खूण असावी लागते.

स्टुटगार्टवासी

हो, ते खरे आहे. लष्करी ताफ्यात गाड्यांवर निळे झेंडे असतात आणि शेवटच्या गाडीवर हिरवा, म्हणजे ताफा कुठे संपला हे समोरच्याला कळते. अंत्ययात्रेतील खासगी गाड्यांवर मात्र बहुतेक वेळा काहीच नसते आणि मग त्यांना समूह मानायचे की नाही यावर इथेही वाद होतात. आमचे शिक्षक तर सांगत की खूण नसेल तर सरळ सिग्नल पाळा. समूहाचे नेतृत्व करणाऱ्यावर नियम पाळले जातात हे पाहण्याची जबाबदारीही तेच कलम टाकते, हे मी आधी लिहायला हवे होते.

शाळेतील_बाई

आमच्या शाळेची २६ जानेवारीला प्रभातफेरी निघते आणि एनसीसीची मुले संचलन करत पुढे असतात. राज्य महामार्गाचा एक तुकडा ओलांडावा लागतो. मुलांच्या गणवेशामुळे वाहने थांबतात असा आमचा अनुभव आहे. हे पोलिसांच्या तुकडीत धरले जाते का?

निवृत्त_हवालदार

बाई, गणवेशावर अजिबात विसंबू नका. गाड्या थांबतात ते चालकांच्या भलेपणामुळे, आणि पहाटेच्या धुक्यात वाळूच्या ट्रकचालकाला तुमची मुले उशिरा दिसतील. आधी ठाण्यात मार्ग, वेळ आणि मुलांची संख्या लिहून पत्र द्या आणि महामार्ग ओलांडण्याच्या जागी पोलीस मागा. तो आल्याशिवाय पहिली रांग डांबरावर उतरू देऊ नका. मुलांना रस्त्याच्या एकाच बाजूने, शक्य तिथे पदपथावरून न्या आणि रांग फार लांबू देऊ नका. दोन तुकड्या करा, प्रत्येक तुकडीच्या पुढे व मागे एक शिक्षक ठेवा. अंधार असेल तर पुढच्या शिक्षकाच्या हातात पांढरी आणि मागच्याच्या हातात लाल बॅटरी हवी. ओलांडताना सर्व मुले एकदमच गेली पाहिजेत असा हट्ट नको. पोलिसाने मधे हात दाखवून थांबवले तर उरलेल्यांनी थांबायचे, हे मुलांना आदल्या दिवशी मैदानावर करून दाखवा.

शाळेतील_बाई

पत्र आम्ही दर वर्षी देतो, पण त्यात ओलांडण्याच्या जागेचा उल्लेख कधीच नसतो. यंदा तो घालते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरात वकीलसाहेबांचे पहिले उत्तर वाचून दाखवले. वडीलधाऱ्यांना ते पटले नाही, पण भाच्याला पटले. आता त्याला भीती अशी आहे की त्या बाईंच्या उपचारांचा सगळा खर्च त्याच्याच खिशातून जाईल. आणि मामांच्या अंत्ययात्रेला पोलिसांची परवानगी घेतली नव्हती, त्याचाही ठपका येईल का?

न्यायवाट

परवानगीची चिंता करू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली जमाव व मिरवणुकीवर बंदीचे आदेश निघतात, त्यांतही अंत्ययात्रा सहसा वगळलेल्या असतात. मुंबई पोलिसांच्या आदेशांत तर लग्नसमारंभ आणि स्मशानाकडे जाणाऱ्या यात्रा वगळल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. मात्र ती सूट एकत्र निघण्यापुरती आहे, सिग्नलसाठी नाही.

खर्चाबद्दल: भाच्याच्या मोटारसायकलचा तृतीय पक्ष विमा त्या दिवशी चालू असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल, तर बाईंची भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. बाई कलम १६६ खाली दावा करतील. त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे नोटीस लवकर येईल. आली की ती घरात ठेवून देऊ नका, लगेच विमा कंपनीला कळवा.

न्यायाधिकरणापुढे खरा वाद होईल तो बाईंच्या निष्काळजीपणाच्या वाट्यावरून. हिरवा सिग्नल असला तरी समोर दिसणाऱ्या माणसांवर गाडी घालण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. शववाहिका नुकतीच गेली होती, शेजारची वाहने थांबली होती, एक माणूस हात वर करून उभा होता, हे सगळे त्यांना दिसत असूनही त्या निघाल्या असतील तर भरपाईतील काही हिस्सा कमी होऊ शकतो. पण ते दिसत होते का, हे सिद्ध करावे लागेल. चौकातील सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. महिना उलटून गेला आहे, तरी आजच तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन ते जपून ठेवण्याची मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.

पुणेरी_चालक

माझ्या मते अर्धा दोष तरी त्यांचा धरला पाहिजे. इतकी वाहने थांबलेली असताना एकटीने निघायचे म्हणजे काय?

न्यायवाट

थांबलेली वाहने नेमकी कशी उभी होती यावर ते ठरेल. त्यांच्या डाव्या हाताला बस किंवा टेम्पो असेल तर त्यांना चौकातील काहीच दिसले नसेल, आणि मग मला अर्धा सोडाच, काहीही हिस्सा दिसत नाही. पंचनाम्याच्या नकाशात थांबलेली वाहने दाखवली आहेत का, ते कृष्णाकाठ यांनी पाहावे.

कृष्णाकाठ

पंचनाम्यात फक्त दोन दुचाकींची जागा आणि सिग्नलचा खांब दाखवला आहे, थांबलेल्या वाहनांचा उल्लेखच नाही. चौकातील औषधाच्या दुकानालाही कॅमेरा आहे असे भाचा म्हणतो. उद्या सकाळी ठाण्यात अर्ज देतो आणि त्या दुकानदारांनाही भेटतो. चित्रण मिळाले तर इथे कळवीन.